फोटो स्टुडिओतला, चेहरा तुमचाच

प्रश्न : एआय अ‍ॅपने माझ्या मोबाइलवरच्या फोटोचा हेडशॉट करून दिला. कोट, मागे राखाडी पडदा, सगळं झकास. पण आई म्हणाली, ‘हा तू नाहीस.’ मला मात्र फरक सापडत नाही.

नुसतं पाहून तो सापडणारही नाही. लेयरची सोय असलेल्या एडिटरमध्ये मूळ फोटो नव्या फोटोवर ठेवा, त्याची ओपॅसिटी 50 टक्के करा आणि दोन्हींतल्या डोळ्यांच्या बाहुल्या जुळेपर्यंत तो लहानमोठा करा. मग ओपॅसिटी पुन्हा 100 करून वरचा लेयर चालू-बंद करत राहा. जे जागचं हलताना दिसेल, ते अ‍ॅपने बदललंय. बहुतेकदा जबडा अरुंद झालेला असतो, एक डोळा किंचित जास्त मिटलेला असेल तर दोन्ही सारखे केलेले असतात, वर-खाली असलेल्या भुवया एका रेषेत आणलेल्या असतात. आईला तुम्ही या उण्याअधिकावरूनच ओळखू येता आणि अ‍ॅप नेमकं तेच ‘दुरुस्त’ करतं.

आता उपाय. अ‍ॅपला पूर्ण फोटो नव्याने बनवू देऊ नका. ब्रशने निवड करता येत असेल तर पार्श्वभूमी आणि कपडे तेवढे निवडा. चेहरा, कान, मान आणि केसांची कड निवडीबाहेर ठेवा. फक्त लिहूनच सांगायची सोय असेल तर स्पष्ट लिहा : ‘चेहऱ्याचा आकार, डोळे, दात, तीळ, त्वचेचा रंग आणि केसांचा भांग आहे तसाच ठेवा, फक्त पार्श्वभूमी साधी राखाडी करा, कपड्यांच्या जागी गडद कोट द्या. प्रकाश मूळ फोटोप्रमाणे डावीकडूनच येऊ द्या.’ शेवटचं वाक्य गाळू नका. खिडकीचा उजेड डावीकडून असल्याने नाकाची सावली उजव्या गालावर पडली असेल आणि कोटावरचा उजेड उजवीकडून आला असेल, तर चेहरा खरा असूनही चिकटवल्यासारखा दिसतो. लिहून सांगूनही चेहरा बदलण्याची शक्यता उरतेच, म्हणून वरची तपासणी पुन्हा करा.

तरीही चेहरा सरकला असेल आणि डोक्याचा कल तोच असेल, तर मूळ फोटोचा लेयर वरच राहू द्या, त्याला काळा मास्क लावा, म्हणजे तो लेयर पूर्ण झाकला जाईल, आणि मास्कवर मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशने भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा भाग परत आणा. कल बदलला असेल तर हा उद्योग करू नका, नवा फोटो करून घ्या.

प्रश्न : सेल्फीत माझं नाक मोठं दिसतं. एडिटरने बारीक केलं तर चालेल का?

नको. दोष नाकाचा नाही, अंतराचा आहे. नाकाचं टोक कानांपेक्षा साधारण 10 सेंटिमीटर पुढे असतं असं धरा. फोन नाकापासून 30 सेंटिमीटरवर असेल तर कान 40 वर जातात, म्हणजे कानांच्या तुलनेत नाक जवळपास एक तृतीयांशाने मोठं उमटतं. तोच फोटो दीड मीटरवरून काढला तर हा फरक सातेक टक्क्यांवर येतो. जवळच्या सेल्फीत कान मागे दडतात, कपाळ फुगतं आणि गाल आत जातात, त्यामुळे एकटं नाक बारीक केलं की बाकीचा चेहरा तसाच वाकडा राहतो.

दुसऱ्या कुणाला तरी मागच्या कॅमेऱ्याने दीड-दोन मीटरवरून, दुप्पट झूम ठेवून, डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढायला सांगा. बाजूला खिडकी असावी आणि घरातले पिवळे दिवे बंद असावेत. नाहीतर एक गाल निळसर, एक पिवळा होतो आणि नंतर रंग जुळवताना त्वचा हमखास उजळली जाते.

सेल्फीच वापरायची झाली तर एक पाहा : काही फोन ती आरशासारखी उलटी साठवतात. भांग आणि तीळ दुसऱ्या बाजूला गेले असतील तर आधी फोटो आडवा उलटवा.

प्रश्न : तीळ, पुळ्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं यांतलं काय काढावं?

महिन्याभराने जे चेहऱ्यावर नसेल, ते काढा. पुळी जाते, तीळ, व्रण आणि हसण्याच्या रेषा राहतात. काळी वर्तुळं पुसू नका, वेगळ्या लेयरवर उजळवून त्या लेयरची ओपॅसिटी 30-40 टक्क्यांवर आणा. पूर्ण गेली की डोळ्यांची खोली जाते आणि वय बदलतं. फोटो 100 टक्के झूमवर ठेवून गालावरची छिद्रं पाहा. मूळ फोटोत ती होती आणि आता गाल मेणासारखा गुळगुळीत झालाय, तर हात जड पडलाय.

प्रश्न : माझा एकच बरा फोटो आहे, तोही ग्रुपमधला. त्यातून होईल का?

चेहरा किती पिक्सेल रुंद आहे, ते क्रॉप करून बघा. पाचशेच्या आसपास असेल तर काम होईल. शे-दीडशेच असेल तर अ‍ॅप उरलेला तपशील अंदाजाने रचतं. पापण्या, दात, त्वचा यांतलं फारसं काही तुमचं नसतं. फोटो चॅटवरून आला असेल तर तो बहुधा दाबून लहान झालेला असतो. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा आणि पुन्हा मोजा. तरीही आकडा तेवढाच आला तर तो फोटो सोडून द्या आणि वर सांगितल्याप्रमाणे खिडकीशी नवा काढून घ्या.