ल्येलो नेमका कुठे बसतो?

“इटालियनमध्ये ‘त्याला ते देतो’ म्हणायला मी नुसतं ‘ल्यी दो’ म्हणते. शिक्षिका दर वेळी ‘ल्येलो दो’ करायला लावतात. तो ‘लो’ इतका गरजेचा आहे का?”

आहे. “चावी दिलीस का त्याला?” असं कुणी विचारलं, तर मराठीत “देते” एवढं पुरतं. इटालियन माणसाला मात्र “ल्यी दो” ऐकून “अहो, पण काय देता?” असं वाटत राहतं. ल्यी म्हणजे त्याला, लो म्हणजे ते. दोन्ही जुळताना मध्ये ‘ए’ येतो आणि एकच शब्द होतो, ल्येलो. क्रम आपल्यासारखाच आहे: आधी ज्याला द्यायचं तो, मग वस्तू.

शेवटचं अक्षर वस्तूच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं, घेणाऱ्याच्या नाही. क्यावे म्हणजे चावी, तीही आपल्यासारखीच स्त्रीलिंगी. (आपली चावी पोर्तुगीजांकडून आली आणि ती या क्यावेची चुलत बहीणच.) म्हणून एक चावी दिली तर “ल्येला दो”, अनेक चाव्या दिल्या तर “ल्येले दो”. घेणारा पुरुष आहे म्हणून ‘लो’ लावणं ही चूक मी वर्गात सर्वांत जास्त वेळा खोडली आहे.

“मग ‘तिला ते देतो’ कसं म्हणायचं? पुस्तकात तर तिथेही ल्येलोच दिसतो.”

पुस्तक बरोबर आहे. एकटं असताना तिला म्हणजे ‘ले’, पण जोडीत ते ‘ल्ये’मध्ये विरघळतं. त्याला, तिला, आदराने तुम्हाला आणि रोजच्या बोलण्यात त्यांना, चारही अर्थ एकाच ल्येलोत बसतात. कोण, ते संदर्भावरून कळतं. समजा समोर नवरा-बायको दोघं उभी आहेत आणि चाव्या बायकोलाच द्यायच्या आहेत. अशा वेळी जोडी मोडतात आणि “ले दो आ लेई” म्हणतात. इथलं पहिलं ‘ले’ म्हणजे चाव्या, आणि ‘आ लेई’ म्हणजे तिला.

“‘मला त्याला ते सांगायचंय’ यात ल्येलो पुढे की मागे? दोन्ही ऐकलंय.”

दोन्ही चालतं. मूळ क्रियापद दीरे, त्याचा शेवटचा ‘ए’ गळतो आणि ल्येलो चिकटतो: “देवो दिर्ल्येलो”. किंवा अख्खी जोडी पुढे उडी मारते: “ल्येलो देवो दीरे”. अर्थ तोच, बोलताना दुसरं जास्त कानावर येतं. चालत नाही ते जोडी फोडून एक पुढे, एक मागे ठेवणं. “ल्यी देवो दिर्लो” कुणीही म्हणणार नाही.

पण ही उडी प्रत्येक क्रियापदावरून मारता येत नाही. पाहिजे, शकणे, लागणे या अर्थाची क्रियापदं ती मारू देतात, ‘सांगायला जातो’ मधलं जाणंही देतं. ‘सांगायचा विचार करतो’ मध्ये मात्र “पेन्सो दी दिर्ल्येलो” एवढंच. तिथे ल्येलो पुढे नेला तर वाक्य मोडतं. अशा वाक्यांत शंका आली तर मागे चिकटवा, ते चुकत नाही.

“दुकानात वस्तूकडे बोट दाखवून ‘दाम्मेलो’ म्हटलं, तर दुकानदार जरा चमकला. व्याकरण तर बरोबर होतं ना?”

व्याकरण चोख होतं, नातं चुकलं. “दाम्मेलो” म्हणजे “दे मला ते”, अगदी भावाला म्हणावं तसं. तू, आपण, तुम्ही सगळे या आज्ञार्थांना जोडी मागे चिकटते: दाल्येलो, दियामोल्येलो, दातेल्येलो. ‘दा’, ‘दी’, ‘फा’ अशा एकाक्षरी आज्ञांनंतर व्यंजन दुप्पट होतं, म्हणून दाम्मेलो, दिम्मेलो. ल्ये मुळातच जोर देऊन, लांबवून उच्चारला जातो, म्हणून दाल्येलोच्या लेखनात काही वाढत नाही. लांब शब्दात आघात मूळ जागीच राहतो: “पोर्ताल्येलो” मध्ये तो ‘पोर’वर, शेवटाकडे सरकत नाही.

‘तू’ला नकार द्यायचा तर क्रियापदाचं मूळ रूप येतं आणि जागा पुन्हा दोन: “नोन दिर्ल्येलो” किंवा “नोन ल्येलो दीरे”, त्याला सांगू नकोस.

आदरार्थी आज्ञेत मात्र सगळं उलटतं, जोडी पुढे येते आणि सुटी राहते: “मे लो दीआ”, मला ते द्या; “ल्येलो दीका”, त्याला ते सांगा. तरी दुकानात मी हेही वापरत नाही, हुकूम सोडल्यासारखं वाटतं. तिथे “मे लो पुओ दारे?” म्हणा, ‘ते मला देऊ शकाल का?’ किंवा “पुओ दार्मेलो?” पुन्हा तीच उडी, दोन्ही चालतात. मागे “पेर फावोरे” जोडलंत की दुकानदार चमकणार नाही.