युरोपियमची लाल चमक रेंगाळते का?

नागपूरच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या तुम्हाला यिट्रियम ऑक्साइडमधील युरोपियमचा क्षयकाळ, म्हणजे उद्दीपन थांबल्यावर चमक ओसरायला लागणारा वेळ, सुमारे 1 मिलिसेकंद इतका लांब आढळला, म्हणून उपकरणावर संशय घेऊ नका. 611 नॅनोमीटरचा लाल प्रकाश देणाऱ्या संक्रमणात इलेक्ट्रॉन 4एफ कक्षकांतच राहतो. त्याची समता, म्हणजे केंद्रातून उलटवल्यावर दिसणारी सममिती, बदलत नसल्याने विद्युत द्विध्रुव नियमानुसार ते निषिद्ध ठरते आणि स्फटिकातील असममित परिसरामुळे जेमतेम शक्य होते. म्हणजे सेकंदाला सुमारे हजार वेळा, तर सिरियमच्या अनुमत 5डी-4एफ संक्रमणात कोटीहून अधिक वेळा प्रकाश सुटण्याची शक्यता असते.

जी दुर्बलता प्रकाश सोडताना आड येते, तीच तो शोषतानाही येते. म्हणूनच 394 नॅनोमीटरने थेट उद्दीपन केल्यास चमक फिकी दिसते, पण 254 नॅनोमीटरच्या दिव्याखाली पूड झळाळते. कारण तेथे ऑक्सिजनकडून युरोपियमकडे होणारे अनुमत प्रभारस्थानांतरण प्रकाश शोषते. उद्दीपनाची वाट बदलली तरी उत्सर्जन त्याच निषिद्ध संक्रमणातून होते, त्यामुळे क्षयकाळ मिलिसेकंदाचाच राहतो.

मात्र युरोपियमचे प्रमाण वाढवल्यावर क्षयकाळ घटला आणि चमकही मंदावली, तर संक्रमण अनुमत झाले असे समजू नका. तेथे ऊर्जा आयनांमधून भटकत स्फटिकातील दोषांपाशी विझत असते.