चारही पर्याय बरोबर वाटतात तेव्हा

"मॅडम, उतारे सुटतात, गणितही जमतं. पण निर्णयक्षमतेच्या प्रश्नांत चारही पर्याय बरोबर वाटतात आणि मी नेमका दोन नंबरचा निवडते. माझा स्वभावच अधिकारी व्हायच्या लायकीचा नाही का?"

यातली पहिली दोन वाक्यं मी पुण्यात राज्यसेवेची तयारी करणाऱ्या कितीतरी मुलामुलींकडून ऐकली आहेत. तिसरं क्वचितच कोणी बोलून दाखवतं. तिने दाखवलं, म्हणून तिच्या परवानगीने, ओळख बदलून, हे लिहिते आहे.

मी आधी हिशेबाचं बोलले. पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात हे जेमतेम पाच प्रश्न. त्यांना निगेटिव्ह मार्किंग नाही आणि पर्यायांना उतरते गुण असतात: २.५, १.५, १ आणि शून्य. म्हणजे 'एक बरोबर, तीन चूक' असा हा मामलाच नाही. "तुला १.५ मिळतात तेव्हा तू नापास होत नाहीस, थोडी कमी नेमकी असतेस," असं म्हटलं. तिने मान हलवली, पण पटलं नव्हतं. 'बरोबरच आलं पाहिजे' यातला तो 'च' माझ्या ओळखीचा आहे. माझी निम्मी प्रॅक्टिस त्या एका अक्षरावर चालते.

मग तिला सरावाचा एक प्रश्न दिला. तुम्ही गटविकास अधिकारी आहात. भेटीला गेलेल्या शाळेत पोषण आहाराच्या तांदळात किडे दिसतात. अकरा वाजलेत, १४० मुलं जेवायची आहेत. तुम्ही काय कराल?

क) मुख्याध्यापिकेवर तत्काळ कठोर कारवाई करून बाकीच्यांना जरब बसवाल.
ख) आहार थांबवून, तांदळाचा नमुना सील करून, मुलांना घरी सोडून चौकशी लावाल.
ग) वरिष्ठांना कळवून त्यांच्या आदेशाची वाट पाहाल.
घ) आहार थांबवून, गावातून दुसऱ्या जेवणाची सोय करून, नमुना सील करून वरिष्ठांना अहवाल द्याल.

तिने 'क' आणि 'ख'मध्ये बराच वेळ घालवून 'ख' निवडला. 'घ' का नको? "त्यात अधिकारी स्वयंपाकाच्या मागे लागलाय असं वाटतं."

मी प्रश्नपत्रिका बाजूला सारली. तिची आई अंगणवाडी सेविका आहे, हे मला माहीत होतं. "आईच्या अंगणवाडीत असं कधी झालं होतं?"

झालं होतं. पावसाळ्यात तांदळाला कीड लागली होती. "आईने पातेलं चुलीवरून उतरवलं. शेजारच्या काकूंकडून पोहे आणले, मुलांना खाऊ घातले. मग मुख्यसेविकेला फोन केला. तांदूळ फेकला नाही, दाखवायला ठेवला." बोलता बोलता ती थांबली. कागद पुन्हा ओढून 'घ' वाचला आणि हसूच फुटलं तिला. "मॅडम, हे तर आईच आहे."

मी गप्प राहिले. अशा वेळी गप्प राहणं मला फार उशिरा जमायला लागलं.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मी अधिकारी कसा दिसेल तेच बघत होते. पोरं उपाशी घरी चालली होती, ते दिसलंच नाही."

मला वाटतं, दोन नंबरचा पर्याय बहुतेक वेळा असाच निवडला जातो. कोणी करारी साहेब होऊन उत्तर देतं, कोणी घाबरलेला कारकून होऊन. पहिल्याला 'क' भुरळ घालतो, दुसऱ्याला 'ग'. 'ख'मध्ये दोघांचीही सोय आहे, कारण तो कडकही दिसतो आणि नियमातही बसतो. म्हणून मी तिला पर्यायातली क्रियापदं तेवढी अधोरेखित करायला लावली. 'तत्काळ', 'कठोर', 'जरब' गळून पडले की उरतं ते फक्त कोण काय करणार आहे. मग पहायचं, की आत्ता ज्याचं नुकसान होतंय त्याच्यापर्यंत यातलं काय पोहोचतं, ते माझ्या अधिकारात बसतं का, आणि उद्या चौकशी झाली तर पुरावा शिल्लक राहतो का. 'ख' आणि 'घ' यांच्यात पुराव्याचा फरक नाही. फरक १४० ताटांचा आहे. 'क'मध्ये तर चौकशीच्या आधी शिक्षा आहे. किडे गोदामातूनच आले असले तर?

'वरिष्ठांना कळवा' म्हणजे नेहमी पळवाट, हेही काही क्लासवाल्यांचं सोपं सूत्र. विषय माझ्या अधिकाराबाहेरचा असेल आणि थांबल्याने कोणाचं बिघडत नसेल, तर कळवून थांबणं हेच उत्तर असतं. इथे अकरा वाजले होते, म्हणून ते चुकलं.

पुढच्या वेळी ती सरावाचा पेपर घेऊन आली. पाचपैकी तीन प्रश्नांना २.५, एकाला १.५. पाचव्यावरून मात्र उत्तरतालिकेशी भांडण: लाच घेणाऱ्या सहकाऱ्याला आधी एकट्यात समज द्यायची, की थेट लेखी तक्रार करायची? तालिका समज देण्याच्या बाजूची. "समज दिली की तो कागद गायब करेल ना, मॅडम?"

मी तालिका पुन्हा वाचली. मला तिचंच पटलं.