हललेल्या फोटोतला कोणता आकडा खरंच संशयास्पद आहे, हे कसं ओळखावं?

प्रश्न: मी नोकरीसाठी बाहेरगावी असतो. दहावीतली मुलगी रात्री गणिताच्या वर्कशीटचा फोटो पाठवते. फोटो अगदीच वाईट नसतो, पण जरा हललेला असतो. मी तासभर बसून सोडवतो आणि मग कळतं की आकडा किंवा चिन्हच चुकीचं वाचलं होतं. सोडवायला बसण्याआधी नेमकं काय तपासावं?

उत्तर:

मी दहावीच्या मुलांना गणित शिकवतो आणि निम्म्या शंका मला फोटोतूनच येतात, त्यामुळे ही फसगत माझीही बरेचदा झाली आहे. पूर्ण वाचता न येणाऱ्या फोटोत आपण फसत नाही, तो आपण परत मागवतो. फसवतो तो बऱ्यापैकी वाचता येणारा फोटो, कारण तिथे डोळा रिकामी जागा स्वतःच भरून टाकतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

म्हणून मी आधी पूर्ण वर्कशीट वहीत उतरवून घेतो. उतरवताना एकही पायरी सोडवत नाही. जिथे डोळा अडला तिथे गोल करून दोन्ही शक्यता लिहितो, 3/8 किंवा +/− अशा. सोडवत सोडवत वाचलं की उत्तर नीट येईल तसं आपण वाचायला लागतो, आणि नीट उत्तर हा फार कच्चा पुरावा आहे. हे उदाहरण बघा. x² आणि 5x यांच्यामधलं चिन्ह कळत नाही, 5x आणि 6 यांच्यामधलंही कळत नाही. मग समीकरणं चार होतात:

```
x² − 5x + 6 = 0   →  2, 3
x² + 5x + 6 = 0   →  −2, −3
x² − 5x − 6 = 0   →  6, −1
x² + 5x − 6 = 0   →  −6, 1
```

चारही समीकरणांचे अवयव सुरेख पडतात. म्हणजे तुम्ही कसंही वाचा, शेवटी 'आलं बरोबर' असंच वाटणार.

आता मुख्य गोष्ट. फोटो हलला की सगळंच सारखं बिघडत नाही, बिघाडाला दिशा असते. हात आडवा हलला तर आडव्या रेघा जवळपास शाबूत राहतात, कारण रेघ स्वतःवरच घसरते. उभ्या रेघा मात्र पसरून फिक्या होतात. अशा फोटोत अधिक चिन्हाचा उभा दांडा विरघळतो आणि ते उण्यासारखं दिसतं. उण्याचं अधिक मात्र होत नाही, कारण नसलेला दांडा येणार कुठून? म्हणून आडव्या हललेल्या फोटोत मी + वर डोळे झाकून विश्वास ठेवतो आणि प्रत्येक − कडे संशयाने बघतो. हात उभा हलला असेल तर उलटं होतं. तिथे अधिकाचा आडवा दांडा पुसट होऊन तो 1 सारखा दिसतो, आणि = च्या दोन रेघा मिसळून एकच जाड रेघ होते.

कोणत्या दिशेने हललाय हे कळायला अवघड नाही. पानावर एखादा तक्ता असेल तर त्याच्या रेघा बघा. आडव्या रेघा बारीक आणि उभ्या जाड-फिक्या दिसल्या, तर हात आडवा हललेला आहे. तक्ता नसेल तर = आणि 1 यांची तुलना करा.

हललेला नसून फोकसच झालेला नसेल, तर हिशोब वेगळा. तिथे शाई चहूबाजूंनी पसरते, त्यामुळे उघडी तोंडं बंद होतात. 3 चा 8 वाटतो, 5 चा 6 वाटतो, 6 चा 8 वाटतो. म्हणजे संशय 8 वर घ्यायचा. 3 अगदी स्पष्ट उघडा दिसत असेल तर तो बहुधा 3 च. अपवाद एकच: फ्लॅशची चमक पानावर पडली असेल तर रेघा खाल्ल्या जातात आणि 8 ची डावी बाजू उडून त्याचा 3 होऊ शकतो. चमक पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसतेच, त्या भागातले आकडे वेगळे धरायचे.

हाताने लिहिलेली वर्कशीट असेल तर आधी लिपी ठरवा. आपल्याकडे एकाच पानावर दोन्ही अंक सापडतात आणि घाईत लिहिलेला देवनागरी १ इंग्रजी 9 सारखा, ५ हा 4 सारखा, ४ हा तोंड उघड्या 8 सारखा दिसतो. हा घोळ धूसरपणाचा नाहीच, पण धूसर फोटोत तो पकडता येत नाही.

संशय आला की लगेच विचारायला धावायचं नाही. आधी त्याच फोटोत 'खात्रीचा नमुना' शोधायचा. छापील वर्कशीटमध्ये तो फुकट मिळतो: प्रश्नांचे क्रमांक. सातव्यानंतर आठवाच प्रश्न असतो, तेव्हा तिथला 8 हा 8 च. त्या फोटोत, त्या धूसरपणात 8 कसा दिसतो हे तुम्हाला कळलं. तिसऱ्या प्रश्नाचा 3 शेजारी धरा आणि संशयित आकडा कोणाशी जुळतो ते बघा. नमुना जवळचाच घ्या, कारण पान वाकलेलं असलं की कडेचा धूसरपणा आणि मधला धूसरपणा सारखा नसतो. क्रमांक ठळक टाइपात असतील तर थोडा फरक सोडून द्या.

तुलना करताना फार झूम करू नका. चौकोनी ठोकळे दिसायला लागले की आकार हरवतो. मी तर उलट फोन हातभर लांब धरतो. फोटो 'स्वच्छ' करणाऱ्या ॲपवरही माझा भरवसा नाही. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिसेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं की झेरॉक्स कंपनीची काही स्कॅनर-यंत्रं 6 च्या जागी चक्क 8 छापत होती. फाइल लहान करण्यासाठी यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकच समजून वापरत होतं. आकडा कुठेही धूसर नव्हता, स्वच्छ होता आणि चूक होता. धूसर आकडा निदान आपण धूसर आहोत हे सांगतो तरी!

मागच्या महिन्यात एका मुलीने पाठवलेला फोटो सांगतो, म्हणजे हे सगळं एकत्र कसं चालतं ते दिसेल. तक्त्याच्या उभ्या रेघा जाड, आडव्या बारीक. म्हणजे हात आडवा हललेला. वहीत उतरवताना चार ठिकाणी गोल पडले.

पहिले दोन वरच्याच वर्गसमीकरणात. दोन्ही चिन्हं उण्यासारखी दिसत होती, आणि आडव्या हललेल्या फोटोत उणं म्हणजे संशयित. खात्रीचे नमुने शोधले. वारंवारता सारणीत 0-10, 10-20 असे वर्ग होते, तिथली रेघ नक्की आडवी रेघच. आणि प्रश्नाच्या वर सामान्य रूप ax² + bx + c = 0 छापलं होतं, तिथली दोन्ही चिन्हं नक्की अधिक. त्या अधिकांच्या वर-खाली एक फिकट राखाडी सावली होती, विरघळलेल्या दांड्याची. सारणीतल्या रेघेला सावली नव्हती. आता संशयितांकडे वळलो. 6 च्या आधीच्या चिन्हाला सावली अजिबात नव्हती, ते उणे ठरलं. 5x च्या आधीच्या चिन्हाला सावली असल्यासारखी वाटत होती, पण ते पानाच्या घडीवर होतं आणि घडीचीही सावली पडतेच. तो गोल मी तसाच ठेवला. चार शक्यतांच्या दोन झाल्या, तेवढंच.

तिसरा गोल सारणीत. वारंवारता 6, 9, मग 13 की 18, मग 12, 5. बेरीज 50 खाली स्पष्ट छापलेली. बाकीच्या चौघांची बेरीज 32, म्हणून उरले 18. हा पुरावा मी मान्य करतो, कारण तो उत्तराच्या देखणेपणातून आलेला नाही, पानावर छापलेल्या दुसऱ्या माहितीतून आलेला आहे. चौकोनाचे चारही कोन दिले असतील तर 360° ची बेरीज असंच काम करते. पण एकाच सारणीत दोन आकडे संशयित असतील, किंवा बेरीजच धूसर असेल, तर हा मार्ग बंद.

चौथा गोल टिंबाचा. गोलाची त्रिज्या 2.1 सेमी की 21 सेमी? दोन्ही सातच्या पाढ्यातले, π ला 22/7 घेतलं की दोन्हीकडे छेद सुटतो. आधी फोटो सरकवून बघितला. टिंब फोटोबरोबर सरकलं, म्हणजे ते माझ्या स्क्रीनवरचा कण नव्हतं. (हसू नका, एकदा तोही झाला आहे.) मग प्रश्नक्रमांकांपुढची टिंबं बघितली. ती आडवी ओढली जाऊन छोट्या रेघा झाल्या होत्या आणि आकड्यांच्या तळाला टेकलेली होती. हे टिंबही तसंच ओढलेलं होतं, म्हणजे कागदावरचंच होतं, पण तळापासून जरा वर. दोन आकड्यांमधल्या जागेवरून ठरवावं तर 1 पसरून जाड झालेला. ठरेना.

म्हणजे चारातले दोनच खरे संशयित उरले. इतकं गाळणं गरजेचं आहे, कारण दहा शंका पाठवल्या तर मूल एकाचंही नीट उत्तर देत नाही. आणि 'फोटो नीट नाही, परत पाठव' म्हटलं की तसाच हललेला दुसरा फोटो येतो. मागवायचाच असेल तर फोन टेकवून काढायला सांगा आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे व्हॉट्सॲप तो आणखी दाबत नाही. हललेला हात मात्र त्याने सुधारत नाही.

विचारताना 'उणेच आहे ना?' असं विचारायचं नाही. मुलं झोपेत असतात, 'हो' म्हणतात. मी तिला लिहिलं:

'प्रश्न ३: 5x च्या आधी अधिक की उणे? प्रश्न ६: त्रिज्या 2.1 की 21? कागद बघून सांग, फोटो बघून नको.'

दोन मिनिटांत उत्तर आलं: 'अधिक. 21. ते टिंब माझ्या पेनचं आहे सर.'