सेल्स ऑर्डरची जुनी रिव्हिजन्स कशी जपायची?

प्रश्न: कन्फर्म झालेली ऑर्डरही लोक बदलतात. आधी ती कशी होती आणि कोणी काय बदललं, हे नंतर बघता यायला हवं. टेबलं कशी ठेवू?

उत्तर: चालू ऑर्डरची टेबलं आहेत तशीच राहू द्या. शेजारी `order_revision` आणि `order_line_revision` करा आणि प्रत्येक सेव्हला, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, अख्खी ऑर्डर ओळींसकट तिथे उतरवा. सोबत रिव्हिजन नंबर, वेळ आणि युजर. नुसती बदललेली फील्ड्स नोंदवलीत तर जुनी ऑर्डर पुन्हा उभी करताना दमछाक होते. काय बदललं ते दोन रिव्हिजन्सच्या तुलनेतून निघतंच.

तुलना मात्र ओळ क्रमांकावर नको, `line_id` वर करा. समजा, तीन ओळींपैकी पहिली कोणी काढली. क्रमांकाने जुळवलं तर उरलेल्या दोन्ही ओळींचा माल बदलल्यासारखा दिसतो. आयडीने जुळवलं तर एक ओळ गेली, एवढंच दिसतं. अर्थात त्यासाठी सेव्ह करताना सगळ्या ओळी पुसून नव्याने घालायची सवय सोडावी लागेल.

आम्ही हे आधी ट्रिगरने केलं होतं, तर ‘कोणी’च्या रकान्यात सगळीकडे `app_user`! ॲप एकाच डेटाबेस युजरने जोडलेलं होतं ना. लॉगिन केलेल्या माणसाचा आयडी ॲपमधूनच पाठवा.