अर्जात तीन कौशल्यं नकोत, एक डिस्चार्ज लिहा

"एमएचए झालंय, मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात ऑपरेशन्स बघते. आता अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या जागेसाठी अर्ज करायचाय. बेड मॅनेजमेंट, बिलिंगची अचूकता आणि डॉक्टर-स्टाफ समन्वय कसा दाखवू? अनुभवपत्रात नुसतं पद लिहिलंय."

अनुभवपत्राचं वाचून जुनं दुखणं वर आलं. माझ्या आधीच्या हॉस्पिटलच्या एचआरनेही पद आणि तारखा एवढंच दिलं. कामाचं स्वरूप लिहून द्या म्हटलं तर "आमचा फॉरमॅट हाच" हे एकच उत्तर. त्यापायी एक चांगली जागा गेली. त्यांच्या मागे लागू नका. नर्सिंग सुपरिंटेंडंट किंवा मेडिकल सुपरिंटेंडंट यांना संदर्भ म्हणून नाव देण्याची परवानगी विचारा. रोजची धावपळ त्यांनीच पाहिलेली असते.

माझं ठाम मत, तीन मुद्दे वेगवेगळे लिहूच नका. तिन्ही गोष्टी एकाच डिस्चार्जमध्ये दिसतात. समजा, राउंडला दहा वाजता डॉक्टरांनी डिस्चार्ज सांगितला. समरी साडेबाराला तयार झाली, उरलेली औषधं दीडला फार्मसीत परत गेली, बिल दोनला निघालं, टीपीएची मंजुरी साडेचारला आली आणि सफाई होऊन बेड साडेपाचला रिकामा झाला. तोवर कॅज्युअल्टीतला पेशंट स्ट्रेचरवरच. यात अडीच तास एकट्या समरीचे आहेत. आदल्या संध्याकाळीच उद्याच्या संभाव्य डिस्चार्जची यादी काढून रेसिडेंटकडून समरीचा मसुदा आणि सिस्टरकडून औषधांची परतफेड उरकून घेतली असेल, तर तेच लिहा. आधी सरासरी किती वेळ लागायचा, नंतर किती, हेही लिहा. टीपीएचा वेळ मात्र वेगळा दाखवा. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. तो उशीर तुमच्या माथी येऊ नये.

ऑक्युपन्सी ८५ टक्के होती, असं लिहून फारसं काही सिद्ध होत नाही. ४० बेडच्या वॉर्डात ३० दिवसांचे १२०० बेड-दिवस होतात, त्यातले १०२० भरले की झाले ८५ टक्के. पण पेशंट डिस्चार्जची वाट बघत पडून राहिले तरी हा आकडा चढतोच.

बिलिंगसाठी अंतिम बिल निघाल्यावर किती बिलं दुरुस्त करावी लागली, याचं प्रमाण द्या आणि चुकीचं कारणही सांगा. पेशंट आयसीयूतून वॉर्डात आला त्या दिवशी दोन्हीकडचं बेडभाडं लागणं, किंवा बिलानंतर परत गेलेल्या औषधांची वजावट राहून जाणं, या नेहमीच्या चुका. मुलाखत घेणाऱ्यांनी त्या स्वतः निस्तरलेल्या असतात, त्यामुळे ते लगेच कान टवकारतात.

हा अनुभव खाजगी हॉस्पिटलांचा आहे, सरकारी भरतीतले निकष वेगळे असतात. आणि आकडे देण्याआधी हॉस्पिटलला विचारून घ्या. पेशंटचं नाव, आयपीडी नंबर किंवा बिलाचा फोटो अर्जाला अजिबात जोडू नका.