छोट्या कारखान्यात थेट जाऊन दिलेल्या मुलाखतीनंतरचा पाठपुरावा

प्रश्न: मी डिप्लोमा मेकॅनिकल आहे. भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मंगळवारी, १६ तारखेला, थेट जाऊन क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी मुलाखत दिली. मालकांनी स्वतःच घेतली आणि शेवटी ‘कळवतो’ म्हणाले. तिथे एचआर नाही, ई-मेल मागितला नाही. आज सोमवार, २२ तारीख. फोन करावा, परत जाऊन भेटावे, की वाट पाहावी?

उत्तर:

मशिनिंगची कामे घेणाऱ्या लहान कारखान्यांत मी बरीच वर्षे क्वालिटी आणि प्रॉडक्शन या दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. अशा मुलाखतींच्या वेळी मालकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसण्याचे कामही माझ्याकडे वारंवार आले आहे. त्या खुर्चीवरून जे दिसते, त्याच्या आधारे लिहितो.

आज व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश पाठवा, परवा फोन करा, आणि प्रत्यक्ष भेट पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवा. या क्रमाचे कारण असे, की ‘कळवतो’ हा शब्द तिथे बहुधा खरेपणानेच उच्चारला जातो, परंतु कळवण्याचे काम नेमके कोणाकडे आहे, हे कोणीच ठरवलेले नसते. तुमचा बायोडाटा मालकांच्या टेबलावर डिलिव्हरी चलने आणि इन्स्पेक्शन रिपोर्ट यांच्या गठ्ठ्यात गेलेला असतो. निर्णय अडतो तोही तुमच्याशी फारसा संबंध नसलेल्या गोष्टींवर. राजीनामा दिलेला जुना इन्स्पेक्टर खरोखर जातो आहे, की पगार वाढवून मिळाल्यावर थांबतो आहे. ग्राहक कंपनीकडून पुढच्या महिन्याचे शेड्यूल किती आले. आणि ज्या सुपरवायझरच्या हाताखाली तुम्हांला काम करायचे आहे, त्याचे तुमच्याबद्दल काय मत झाले. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी तुमच्या हातात नाहीत. तिसरी मात्र मुलाखतीनंतरही काही प्रमाणात बदलता येते.

संदेशाचा मजकूर साधारण असा असावा:

‘नमस्कार सर. मी (पूर्ण नाव). मंगळवारी १६ तारखेला सकाळी क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी आपल्याला भेटलो होतो. आपण मला शाफ्टचे ड्रॉइंग दाखवले होते. मी १ तारखेपासून रुजू होऊ शकतो. दोन्ही शिफ्टला येण्याची तयारी आहे. राहायला दिघीला आहे आणि स्वतःची दुचाकी आहे. बायोडाटा पुन्हा जोडत आहे. बुधवारी दुपारी साडेअकराच्या सुमारास फोन केला तर चालेल का?’

यात तारीख आणि ड्रॉइंगचा उल्लेख यासाठी, की त्या आठवड्यात तुमच्यासारखे आणखी काही जण फाटकातून आत येऊन गेलेले असतात आणि मालकांना नावे आठवत नाहीत, पण कोणाला काय दाखवले ते आठवते. रुजू होण्याची तारीख, शिफ्ट आणि राहण्याचे ठिकाण या तीन गोष्टी आपण होऊन सांगाव्यात, कारण मालकांची खरी धास्ती उमेदवाराच्या हुशारीबद्दल नसते; ‘हो’ म्हणालेला मुलगा पहिल्या दिवशी उगवेल का आणि दुसरी शिफ्ट रात्री उशिरा सुटल्यावर घरी कसा जाईल, याबद्दल असते. घरची अडचण, नोकरीची निकड यांचा मजकूर संदेशात नको. त्याने सहानुभूती मिळते, पण जागा भरण्याचा निर्णय त्यावर होत नाही. बायोडाटा पीडीएफमध्ये पाठवा आणि फाइलला स्वतःचे नाव द्या, म्हणजे मालकांनी ती तशीच सुपरवायझरला पुढे पाठवली तरी ती कोणाची हे कळते.

मालकांचा नंबर तुमच्याकडे नसेल, तर गूगल मॅप्सवर कारखान्याच्या नावासमोर बहुधा एखादा नंबर सापडतो. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यवसायाला आपला जीएसटी क्रमांक दर्शनी फलकावर लावावा लागतो. तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकल्यास नोंदणीतले कायदेशीर नाव दिसते, नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे आणि व्यवसाय एकाच मालकाचा आहे की भागीदारीचा, हेही समजते. तिथे फोन नंबर मिळत नाही, पण भागीदारी असेल तर निर्णय एकट्याचा नाही आणि उत्तराला वेळ लागू शकतो, एवढा अंदाज बांधता येतो.

आता सुपरवायझरच्या मताविषयी. मुलाखतीत तुमचे एखादे तांत्रिक उत्तर चुकले किंवा अर्धवट राहिले असेल, तर पाठपुराव्याच्या संदेशात ते दुरुस्त करता येते, आणि माझ्या मते हा या पद्धतीचा सर्वांत दुर्लक्षित फायदा आहे. मोठ्या कंपनीत ही सोय नसते, कारण तिथे गुण मांडून कागद पुढे गेलेला असतो. आमच्याकडे एका उमेदवाराला २५ मिलिमीटर व्यासाच्या, एच ७ टॉलरन्सच्या शाफ्टचे ड्रॉइंग दाखवून ‘हा व्यास कशाने तपासशील’ असे विचारले होते. तो ‘व्हर्निअरने’ म्हणाला. सुपरवायझरने माझ्याकडे पाहिले आणि तिथेच तो मुलगा त्याच्या मनातून उतरला. दोन दिवसांनी त्याचा संदेश आला. त्यात त्याने लिहिले होते, की या व्यासाला एच ७ म्हणजे वरची मर्यादा शून्य आणि खालची उणे ०.०२१ मिलिमीटर; ज्या व्हर्निअरचा लघुत्तम माप ०.०२ आहे, त्याने एवढी बारीक मर्यादा तपासता येणार नाही. सुटा नग मायक्रोमीटरने मोजावा लागेल आणि नग मोठ्या संख्येने असतील तर गो-नोगो स्नॅप गेज वापरणे सोयीचे. सारा संदेश चार-पाच ओळींचा होता. सुपरवायझरने तो वाचून ‘याला बोलवा’ असे स्वतःहून सांगितले, कारण मुलाने घरी गेल्यावर प्रश्न सोडून दिला नव्हता, हे त्याला दिसले. मात्र जे उत्तर बरोबर आले होते, ते पुन्हा लांबलचक समजावून सांगू नये. त्याचा उलटा परिणाम होतो.

फोनच्या वेळेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण चुकीच्या वेळी केलेला फोन बऱ्याचदा उचलला जात नाही आणि उमेदवार त्याला नकार समजतो. लहान कारखान्याचा महिना ठरलेल्या तारखांवर चालतो. ७ तारखेपर्यंत पगार करायचे असतात, मासिक विवरण भरणाऱ्यांना ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, १५ पर्यंत पीएफ आणि ईएसआय, २० पर्यंत जीएसटीआर-३बी ही कामे असतात, आणि साधारण २६ पासून महिनाअखेरपर्यंत डिस्पॅचची घाई चालते. त्या दिवसांत मालक स्वतः टेम्पो भरून घेत उभे असतात. तुमच्या बाबतीत २० तारीख नुकतीच उलटली आहे आणि महिनाअखेरची घाई अजून चार दिवस दूर आहे, त्यामुळे या आठवड्याचा पूर्वार्ध सोयीचा आहे. गुरुवारी भोसरीतल्या बहुतेक कारखान्यांना साप्ताहिक सुटी असते, म्हणून बुधवार, २४ तारीख. सकाळी पहिल्या तासाभरात मशीन लावणे आणि पहिला नग पास करणे चालू असते, त्यामुळे फोन साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान करावा. उचलला गेला नाही तर दुपारी साडेतीननंतर एकदाच पुन्हा करावा.

फोनवर ‘माझे काय झाले’ असे विचारू नका. त्याला ‘बघतो’ हेच उत्तर येते. त्याऐवजी ‘सर, जागेचा निर्णय या महिन्यात होणार आहे, की पुढच्या महिन्यात?’ असे विचारा. या प्रश्नाचे उत्तर देणे मालकांना अवघड जात नाही आणि तुम्हांला त्यातून खरी माहिती मिळते. ‘जुना माणूस ३० तारखेपर्यंत आहे’ असे सांगितले तर जागा खरी आहे. ‘शेड्यूल आले की बघू’ म्हणाले तर जागा अजून कागदावरसुद्धा नाही. पगाराची अपेक्षा पुन्हा विचारली किंवा ‘सुपरवायझरशी एकदा बोलून घ्या’ असे म्हणाले, तर गोष्ट पुढे सरकली आहे असे समजायला हरकत नाही.

पगाराचा आकडा फोनवर निघाला तर तो हातात मिळणारा आहे की कपातीपूर्वीचा, हे तिथेच विचारून घ्या. पीएफ लागू असेल तर त्याच्या हिशेबात धरलेल्या वेतनाच्या १२ टक्के, आणि ईएसआय लागू असेल तर वेतनाच्या पाऊण टक्का रक्कम कापली जाते, त्यामुळे तोंडी सांगितलेल्या १८,००० रुपयांत आणि खात्यावर आलेल्या रकमेत दीड-दोन हजारांचा फरक सहज पडू शकतो. ‘दोन दिवस येऊन काम दाखवा’ असे सांगितले तर जाण्यास हरकत नाही, पण त्या दोन दिवसांची हजेरी लागणार का, हे आधी विचारावे. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतो किंवा अनामत भरा असे कोणी म्हणाले, तर तिथला पाठपुरावा त्याच क्षणी थांबवावा. प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स प्रतींपलीकडे काही देऊ नये.

बुधवारच्या फोननंतरही काही ठरले नाही, तर महिनाअखेरीस गप्प राहा आणि पुढच्या महिन्यात ८ ते १० तारखेच्या दरम्यान, गुरुवार टाळून, दुपारी साडेतीनच्या सुमारास स्वतः जा. फाटकावर वॉचमनला ‘मुलाखतीला आलो आहे’ असे सांगू नका, नाहीतर तो बायोडाटा ठेवून घेऊन परत पाठवील. ‘सरांशी १६ तारखेला भेट झाली होती, दोन मिनिटे भेटायचे आहे’ असे सांगा आणि मुलाखतीला हजर असलेल्या सुपरवायझरचे नाव माहीत असल्यास तेही घ्या. आत गेल्यावर भेट खरोखरच दोन मिनिटांत आटोपावी.

ही तारीख सुचवण्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. निवडलेला पहिला उमेदवार १ तारखेला येतच नाही, किंवा आठवडाभर काम करून दुसरीकडे जास्त पगार मिळाला म्हणून निघून जातो, असे अशा कारखान्यांत नेहमी घडते. मग मालक नवी शोधाशोध करत बसत नाहीत. ज्याचा नंबर समोर दिसतो, त्याला बोलावतात. म्हणून तेव्हा समोर असणे उपयोगी पडते. त्या भेटीनंतर मात्र आपण होऊन फोन करू नका. दरम्यान दुसरीकडे काम मिळाले तर एका ओळीत कळवून टाका, कारण भोसरीतले मालक आणि सुपरवायझर एकमेकांना ओळखतात आणि क्वालिटीचा माणूस हवा असला की आधी एकमेकांनाच विचारतात.